बसच्या काका-मावशींचे आभार मानायला लागलेले अकरा दिवस

पाकिटावर नाव लिहायला पेन उघडलं आणि तिथेच थांबले. मावशींचं नाव काय? माझ्या फोनमध्ये त्या ‘बस मावशी’ आहेत. ग्रुपवर विचारलं, तर सगळ्यांच्याच फोनमध्ये त्या ‘बस मावशी’. तीन वर्षं रोज सकाळी सात दहाला मोळाच्या ओढ्याच्या स्टॉपवर ज्यांच्या हातात पोरगा देते, त्यांचं आडनाव 26 घरांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. लाज वाटली, पण ती लाज नंतर.

वर्गणीचं काम एका संध्याकाळीच झालं. मुलामागे न घेता घरामागे 150 रुपये धरले, कारण दोन-दोन मुलं असलेल्यांना उगीच दुप्पट भार नको. 24 घरांनी दिले. दोघांनी दिले नाहीत, त्यांना परत विचारायचं नाही हे आधीच ठरलं होतं. जमले 3600.

शाल-श्रीफळ द्यावं असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. एक ताई म्हणाल्या, साडी देऊन मावशींची ओटी भरू. माझ्या सासूबाई बाजूला भाजी निवडत होत्या. “आधी विचारलंय का तिला? तिला चालते का ओटी?” एवढंच बोलल्या. मावशींचे यजमान पाच वर्षांपूर्वी गेले, हे आम्हाला त्यानंतर चौकशी केल्यावर कळलं. त्यात काकांनी बोलता बोलता कधीतरी सांगितलं होतं की मे महिन्यात बस उभी, म्हणून पगार अर्धाच. मग शालीचं काय करायचं त्यांनी? दोघांना सारखीच रोख रक्कम द्यायची ठरली. त्यावरही एकाचं म्हणणं होतं की ड्रायव्हरला थोडं जास्त हवं. मी ठाम होते. गाडी काका चालवतात, पण रस्ता ओलांडून देणं, चढता-उतरताना मोजणं, ओळखीच्या माणसाशिवाय बालवाडीचं पोर कुणाच्या हाती न देणं हे मावशींचंच काम.

इथवर सगळं सुरळीत झालं. त्यानंतर मी एक चूक केली. शाळेच्या कार्यालयात जाऊन परवानगी मागितली.

खिडकीतल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, “कर्मचारी आमचे नाहीत, ठेकेदाराचे आहेत. त्यांच्याकडून लिहून आणा.” ठेकेदाराच्या सुपरवायझरला फोन केला. ते म्हणाले, “मुलं शाळेची, पालक शाळेचे. शाळेनं पत्र द्यावं, मग आम्ही बघू.” परत खिडकी. आता तिथे एक अर्ज मिळाला. ‘कर्मचाऱ्याचे पूर्ण नाव’ हा पहिलाच रकाना, म्हणजे पाकिटासारखं इथेही नावापाशीच अडलं. पुढे ‘भेटवस्तूचे स्वरूप व अंदाजे किंमत’ आणि ‘भेट कार्यालयात जमा केल्याचा दिनांक’. जमा? म्हणजे पाकिटं आम्ही खिडकीत द्यायची आणि ती त्यांनी वाटायची. मी अर्ज पर्समध्ये घातला आणि घरी आले. चार दिवस तो तसाच पडला. मग पुन्हा गेले, तर संबंधित साहेब रजेवर.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात नव्हती. आम्ही निकालाच्या दिवशी देऊ म्हणत होतो, पण निकालाला बस येतच नाही, पालकच मुलांना घेऊन जातात. बसचा खरा शेवटचा दिवस म्हणजे शेवटचा पेपर. तोही सगळ्यांचा एक नाही. पहिली-दुसरीची परीक्षा आधी संपते, मग बसमध्ये फक्त मोठी मुलं उरतात. म्हणजे माझ्या हातात चारच दिवस होते. तुम्ही हे करणार असाल तर आधी परीक्षेचं वेळापत्रक बघा, पेढे नंतर.

शेवटी सुटका झाली ती शाळेच्या परिवहन समितीमुळे. शाळा बसच्या नियमांप्रमाणे ही समिती प्रत्येक शाळेत असायला हवी. मुख्याध्यापक अध्यक्ष असतात आणि पालकांचा प्रतिनिधीही असतो. आमचा प्रतिनिधी कोण हेही मला माहीत नव्हतं. निघाले आमच्याच गल्लीतले एक दादा. त्यांनी मुख्याध्यापकांसमोर सुपरवायझरांना बसवलं, आणि तेव्हा सुपरवायझर खरं काय ते बोलले.

“ताई, पैशाला आमचा विरोध नाही. मागं एका घरानं दिवाळीला काकांना एकट्यानं भरपूर दिले. मग त्या घरासमोर बस रोज तीन-चार मिनिटं थांबायला लागली. पुढच्या स्टॉपवरची पोरं उन्हात. तक्रारी कुणाकडे येतात?”

हे कुणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझे अकरा दिवस वाचले असते! त्यांची भीती खोटी नव्हती. मग तिथेच दोन ओळींत ठरलं: पैसे सगळ्यांचे मिळून, कुणी किती दिले याची यादी पाकिटात नाही, आणि द्यायचे शेवटच्या दिवशी, म्हणजे त्या बदल्यात कुणाला काही मिळायचं उरत नाही. अर्जावर मुख्याध्यापकांनी सही केली आणि ‘जमा’चा रकाना स्वतः खोडला. मावशींचं पूर्ण नावही सुपरवायझरांच्या वहीतून मिळालं.

प्रत्येकी 1501 ची दोन पाकिटं झाली. उरलेल्या 598 मध्ये कंदी पेढ्यांचे अर्ध्या किलोचे दोन बॉक्स आणि कार्डशीट. पत्राचा पहिला मसुदा एका वडिलांनी लिहिला, त्यात ‘ऋणनिर्देश’ आणि ‘अविरत सेवा’ होतं. नववीतल्या मुलीनं तो बाजूला ठेवला आणि मोठ्या अक्षरात स्वतः लिहिलं:

“काका, पावसात मोळाच्या ओढ्याजवळ पाणी साचलं की तुम्ही गाडी हळू घ्यायचात, म्हणून आम्हाला भीती वाटली नाही. मावशी, तुम्ही रोज शेवटच्या सीटपर्यंत बघून यायचात. ऑगस्टमध्ये अथर्व मागे झोपला होता, तो तुम्हाला सापडला. आम्ही सगळे तुमचे आभारी आहोत.”

अथर्व माझाच.

हां, एक राहिलंच. डिसेंबरमध्ये पंधरा दिवस बदली चालक होते. मुलांनी त्यांच्यासाठी वेगळं चित्र काढलं, बसच्या लिंबू-मिरचीसकट. ते सुपरवायझरांकडे दिलं.

आणि सकाळच्या फेरीत कधीही देऊ नका. पुढच्या स्टॉपवर मुलं वाट बघत असतात, काकांचा एक हात स्टिअरिंगवर असतो आणि कुणीतरी पेढा तोंडासमोर धरतं. आम्ही दुपारी शेवटच्या स्टॉपवर, गाडी बंद झाल्यावर दिलं. फक्त आम्ही सहा-सात जण आणि मुलं. फोटो एकच काढला, तोही विचारून.

पत्र त्या मुलीनंच वाचून दाखवलं. काकांनी पाकीट कपाळाला लावून डॅशबोर्डवर ठेवलं आणि बराच वेळ आरसा पुसत राहिले. मावशी काही बोलल्या नाहीत. पदरानं डोळे टिपले, बॉक्स सीटवर ठेवला आणि सवयीनं गाडीच्या मागच्या टोकापर्यंत चालत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात पाण्याची निळी बाटली होती.

“अथर्व, ही तुझीच ना रं?”