‘जोडले’ म्हणजे नेमके काय? : एका पिच डेकचा सारांश करतानाचा माझा अनुभव

समुद्रपूर तालुक्यातील आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब मी पाहतो. हिंगणघाटचे एक जिनिंगवाले भाऊ आमचा कापूस घेतात, त्यामुळे त्यांच्याशी जुना परिचय आहे. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी मला एका स्टार्टअपचा पिच डेक, म्हणजे गुंतवणूकदारांसाठी केलेले सादरीकरण, पाठवला आणि त्याचा मराठीत एक पानाचा सारांश करून मागितला. समस्या काय, आतापर्यंत काम किती झाले, पैसे किती मागितले आहेत आणि कोणत्या दाव्यांना आधार दिलेला नाही, एवढ्या चारच गोष्टी त्यांना हव्या होत्या.

डेक 18 स्लाइडचा होता. उत्पादन म्हणजे कपाशीच्या शेतात लावायचा कॅमेरा बसवलेला कामगंध सापळा. त्यात अडकलेले गुलाबी बोंडअळीचे पतंग यंत्र मोजते आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर इशारा पाठवते.

माझा पहिला मसुदा दोन तासांत तयार झाला आणि तो चुकीचा होता. ‘कंपनीने 12,000 शेतकरी जोडले आहेत, फवारणीचा खर्च 40 टक्क्यांनी घटला आहे’ अशी वाक्ये मी डेकमधून जशीच्या तशी उतरवली होती. भाऊंनी ते वाचून एकच प्रश्न विचारला, “बापू, हे तू म्हणून राह्यला का थे लोकं म्हणून राह्यले?” माझ्या वाक्यांतून ते कळत नव्हते. कंपनीचा दावा माझ्या लेखणीतून उतरताना वस्तुस्थिती होऊन बसला होता, आणि पैसे गुंतवणाऱ्या माणसासाठी हा दोष साधा नाही. दुसऱ्या मसुद्यात मी प्रत्येक विधानापुढे स्लाइडचा क्रमांक लिहिला आणि ‘कंपनीच्या म्हणण्यानुसार’, ‘स्लाइडवरील आकड्यांवरून मी काढलेले’ व ‘डेकमध्ये दिलेले नाही’ असे तीनच शब्दप्रयोग ठरवून वापरले.

समस्येचा भाग लिहिताना मला डेकचा क्रम मोडावा लागला. दुसऱ्या स्लाइडवर 2017 च्या हंगामातील बोंडअळीच्या नुकसानीची छायाचित्रे होती. ते नुकसान आमच्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. अळी बोंडाच्या आत असल्याने ती वरून दिसत नाही, म्हणून पतंग मोजून आधीच सावध व्हायचे, हेही शेतकऱ्याला ठाऊक आहे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आले की फवारणीचा निर्णय घ्यावा, ही शिफारस गावोगावच्या शेतीशाळांत सांगितली जाते. मग साधा सापळा स्वस्तात मिळत असताना महाग सापळा कशासाठी, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर अकराव्या स्लाइडच्या तळाशी होते: साधे सापळे लावले जातात, पण पतंग रोज कोणी मोजत नाही आणि पतंगांना गंधाने ओढणारी ल्युअर वेळेवर बदलली जात नाही. माझ्या स्वतःच्या शेतातील अनुभवही हाच आहे. म्हणून सारांशात समस्या ‘बोंडअळी’ अशी न लिहिता ‘सापळा असूनही मोजणी होत नाही’ अशी लिहिली.

सर्वांत जास्त वेळ सातव्या स्लाइडने घेतला. तिच्यावर सतत वर चढणारा आलेख होता आणि शेवटी 12,000 हा आकडा. खालच्या बारीक अक्षरांत लिहिले होते की ही आजवरची एकूण नोंदणी आहे. मिस्ड कॉल देऊन झालेली नोंदणीही तिच्यात धरलेली होती. एकूण नोंदणीचा आलेख कधीच खाली येऊ शकत नाही, कारण सोडून गेलेला शेतकरी त्यातून वजा होत नाही. नवव्या स्लाइडवर मात्र ‘640 सापळे शेतात’ असे होते आणि तेराव्यावर एका सापळ्याचे हंगामी शुल्क 2,400 रुपये. प्रत्येक सापळ्याचे पूर्ण शुल्क मिळाले असे धरले तरी 15 लाख 36 हजार रुपये होतात, आणि कंपनीने वर्षाचे उत्पन्न 42 लाख दाखवले होते. उरलेले सुमारे साडेसव्वीस लाख कोठून आले, हे डेकमध्ये कोठेही नव्हते. ते अनुदान किंवा एखाद्या प्रकल्पाचे पैसे असू शकतील, आणि त्यात गैर काही नाही. पण अनुदान पुढच्या वर्षी मिळेलच असे नसते, म्हणून ते शेतकऱ्याने दिलेल्या शुल्कापासून वेगळे दाखवणे आवश्यक होते.

जून ते सप्टेंबर या काळात विक्री दरमहा वाढल्याचेही तेथे नमूद होते. कपाशीचा सापळा याच महिन्यांत विकला जाणार, ती पेरणीमागून येणारी मागणी आहे. तुलना करायची तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी करायला हवी, आणि ते आकडे दिलेले नव्हते.

निधीच्या मागणीत दोन स्लाइड एकमेकींशी जुळत नव्हत्या. पंधराव्यावर दीड कोटी रुपयांच्या बदल्यात 10 टक्के हिस्सा होता. त्या हिशेबाने पैसे आल्यानंतर कंपनीचे मूल्य 15 कोटी आणि येण्यापूर्वीचे साडेतेरा कोटी होते. सोळाव्यावर मात्र पैसे येण्यापूर्वीचेच मूल्य 15 कोटी लिहिले होते, म्हणजे दीड कोटींना हिस्सा सुमारे 9.1 टक्केच मिळतो. शिवाय हा निधी 18 महिने पुरेल असे म्हटले होते, पण विस्तारानंतरचा मासिक खर्च साडेदहा लाख दिला होता. इतर उत्पन्न न धरता भागाकार केला तर पैसे चौदा महिन्यांत संपतात. हा फरक कापसात मोठा ठरतो: जानेवारीत पैसे आले तर अठरा महिन्यांत कंपनी दुसऱ्या हंगामाच्या पेरणीपर्यंत पोहोचते, चौदा महिन्यांत मात्र तिच्या हाती एकच हंगाम लागतो.

चौथा भाग लिहिताना शब्दांची काळजी घ्यावी लागली. आधार दिलेला नाही म्हणजे दावा खोटा आहे असे नव्हे. तरुण मुले खेडोपाडी फिरून काम करत आहेत, त्यांच्यावर कागदावरून आरोप करणे मला मान्य नव्हते. म्हणून प्रत्येक दाव्यापुढे तो सिद्ध करण्यासाठी कोणता कागद लागेल, ते लिहिले. फवारणीखर्चातील 40 टक्के बचत अकरा शेतकऱ्यांच्या मनोगतांवर उभी होती. शेजारच्या सापळा नसलेल्या शेताशी त्याच हंगामातील तुलना तेथे नव्हती, आणि ज्या वर्षी बोंडअळी मुळातच कमी असते त्या वर्षी सगळ्यांचाच खर्च घटतो. त्यापुढे मी ‘तुलनेच्या शेतांसह चाचणी अहवाल’ असे लिहिले. कृषी विद्यापीठाच्या मान्यतेच्या दाव्यासोबत एका शास्त्रज्ञांबरोबरचे छायाचित्र होते, तेथे ‘विद्यापीठाचे पत्र’ लिहिले. 42 लाखांपुढे जीएसटी विवरणपत्रे आणि बँकेचा उतारा.

भाऊंनी ते पान दोनदा वाचले आणि त्याची प्रत कंपनीच्या मुलांनाच पाठवली. आठवड्याने उत्तर आले. 26 लाख 64 हजार रुपये एका सामाजिक दायित्व प्रकल्पातून मिळाले होते, आणि मूल्यांकनाची सोळावी स्लाइड जुन्या मसुद्यातून राहून गेली होती. चाचणी अहवाल नव्हता. भाऊंनी मग आणखी एकच यादी मागितली: मागच्या हंगामात स्वतःचे पैसे देऊन सापळा घेतलेल्यांपैकी या हंगामात कितींनी तो पुन्हा घेतला. ती अजून यायची आहे, आणि सारांशात त्या ओळीपुढची जागा मी मोकळी ठेवली आहे.