हादींचं पत्र

"सर, ज्याच्या हातून राजधानी गेली, जो देश सोडून पळाला, तो परक्या सैन्याला 'या' म्हणूच कसा शकतो? आणि त्याच्या 'या'ला कायदा किंमत देतो कशी?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. फोंड्याला व्याख्यान झालं की हा प्रश्न येतोच, आणि वास्कोत तर ज्यांच्या घरचं माणूस बोटीवर आहे आणि बोट येमेनजवळच्या बाब-एल-मंदेब सामुद्रधुनीतून जायची आहे, ते फार कळकळीने विचारतात. मी आंतरराष्ट्रीय कायदा शिकवतो. माझ्या फाईलमध्ये एका पत्राची झेरॉक्स कायम असते. येमेनचे राष्ट्राध्यक्ष अब्द रब्बू मन्सूर हादी यांनी २४ मार्च २०१५ रोजी आखाती देशांच्या प्रमुखांना लिहिलेलं ते पत्र. हूथी बंडखोरांचं आक्रमण थांबवायला लष्करी हस्तक्षेपासह लागेल ती सगळी मदत तातडीने करा, असं त्यात म्हटलंय. दोनच दिवसांनी, २६ तारखेला, सौदीच्या नेतृत्वाखाली बॉम्बफेक सुरू झाली आणि हादी रियाधला पोचले.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम २(४) दुसऱ्या देशावर बळ वापरायला बंदी घालतं. पण घरमालकानेच बोलावलं असेल तर आलेल्याला घुसखोर म्हणता येत नाही. १९८६ मध्ये निकाराग्वा खटल्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हे साध्या शब्दांत मांडलं: सरकारच्या विनंतीवरून मदतीला जाता येतं, सरकारविरोधी गटाच्या विनंतीवरून नाही. म्हणजे सगळं येऊन थांबतं ते सरकार कोणाला म्हणायचं यावर.

आता त्या पत्रावरची सही तपासू. हादी २०१२ मध्ये एकमेव उमेदवार म्हणून दोन वर्षांच्या संक्रमणकाळासाठी निवडून आले. २०१४ मध्ये राष्ट्रीय संवाद परिषदेने त्यांची मुदत एक वर्षाने वाढवली. त्याच वर्षी सप्टेंबरात हूथींनी राजधानी साना घेतली. २२ जानेवारी २०१५ रोजी हादींनी चक्क राजीनामा दिला. महिनाभराने नजरकैदेतून निसटून ते एडनला गेले आणि राजीनामा मागे घेतला. म्हणजे पत्र लिहिलं तेव्हा वाढीव मुदतही संपत आली होती किंवा संपली होती, राजधानी हातात नव्हती, आणि मध्ये एक राजीनामाही होऊन गेला होता.

वर्गात मुलं इथेच म्हणतात, मग ही सही कसली! पण हादींच्या बाजूनेही भक्कम मुद्दे आहेत. येमेनच्या घटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्षाचा राजीनामा संसदेने स्वीकारावा लागतो, आणि ती संसद त्यासाठी कधी बसलीच नाही. शिवाय तो दबावाखाली दिलेला होता. हूथींनी ६ फेब्रुवारीला संसद बरखास्त केल्याचं जाहीर केलं, पण त्यांना सरकार म्हणून मान्यता द्यायला जग पुढे आलं नाही. बळाने राजधानी घेतलेल्याला सरकार म्हणायचं नाही आणि बळाने घालवलेल्याला म्हणत राहायचं, हा कल गेल्या तीसेक वर्षांत वाढला आहे. पूर्वी देशावर ताबा कोणाचा ते पाहत. पत्राच्या दोन दिवस आधी सुरक्षा परिषदेने हादींच्या वैधतेला पाठिंबा जाहीर केलाच होता. १४ एप्रिलच्या ठराव २२१६ ने तो पुन्हा उचलून धरला. चौदा मतं बाजूने, रशिया तटस्थ. या ठरावाने कोणालाही बळ वापरायची परवानगी मात्र दिलेली नाही, हे नीट लक्षात ठेवा. सगळा भार त्या पत्रावरच राहिला.

याच्या शेजारी मी दुसरं पत्र ठेवतो. युक्रेनच्या विक्टर यानुकोविच यांनी १ मार्च २०१४ रोजी रशियाचं सैन्य मागितलं, आणि ३ मार्चला रशियाच्या प्रतिनिधीने ते पत्र सुरक्षा परिषदेत दाखवलं. यानुकोविचही निवडून आलेले होते, तेही पळालेले होते. संसदेने त्यांना ३२८ मतांनी हटवलं होतं, पण घटनेतल्या महाभियोगाला ४५० पैकी तीन-चतुर्थांश मतं लागतात, म्हणजे ३३८. कागदावर बघितलं तर त्यांचा दावा हादींपेक्षा फार कच्चा नव्हता. तरी बहुतेक देशांनी ते पत्र मानलं नाही, कारण कीवमधल्या नव्या सरकारशी ते आधीच बोलू लागले होते. दुसरं असं की युक्रेनच्या घटनेप्रमाणे परकं सैन्य देशात घ्यायला संसदेची मंजुरी लागते. एकट्या राष्ट्राध्यक्षाच्या सहीने ते होतच नव्हतं.

काही कायदेपंडित म्हणतात, खरं यादवी युद्ध पेटल्यावर कोणाचंच आमंत्रण चालू नये. आंतरराष्ट्रीय कायदा संस्थेने १९७५ मध्ये वीसबाडेनच्या ठरावात हीच भूमिका घेतली. आपल्या गोव्यातल्या माणसाला ती लगेच उमगते. वारसांचा इन्व्हेंटरीचा, म्हणजे वाटणीचा, दावा चालू असताना घराचा कारभार 'काबेसा द काझाल' बघतो. तो कौलं बदलेल, माडांचं उत्पन्न गोळा करेल, पण भावंडांना डावलून घर विकून टाकू शकत नाही, कारण घर कोणाचं हेच तर ठरायचं आहे. देश कोणी चालवायचा यावरच लोक लढत असतील, तर त्यांतल्या एकाची सही सगळ्यांची कशी धरायची? मला हे पटतं. पण देशांचं वागणं तसं नाही. ते मान्यता असलेल्या सरकारला मदत पुरवत आले आहेत, आणि न्यायालयानेही त्यांना अडवलेलं नाही.

म्हणून मी त्या पत्राला आणखी एक गोष्ट विचारतो: सही करणाऱ्याला पुढे 'आता जा' म्हणता येणार होतं का? संमती देणाऱ्याला ती मर्यादित ठेवता येते आणि मागेही घेता येते. काँगो विरुद्ध युगांडा खटल्याच्या २००५ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की ती मागे घ्यायला ठरावीक रीत लागत नाही. आपल्या घरचंच उदाहरण घ्या. जुलै १९८७ च्या कराराने, जयवर्धनेंच्या संमतीने, भारतीय शांतिसेना श्रीलंकेत गेली. जून १९८९ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी जाहीरपणे सांगितलं की जुलैअखेरपर्यंत परत जा. दिल्लीला ते रुचलं नाही, तारीख लांबली, पण शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला निघाली. प्रेमदासा कोलंबोत, स्वतःच्या खुर्चीत बसून बोलत होते, म्हणून त्या शब्दाला वजन होतं.

हादी राहत होते रियाधमध्ये, ज्यांना बोलावलं त्यांच्याच छताखाली. घरं पडली, बंदरं अडवली गेली, अन्न आणि इंधन अडकलं. संमतीने यातलं काही माफ होत नाही, कारण स्वतःच्या नागरिकांवर जे करायचा सरकारला हक्क नाही, त्याची परवानगी ते पाहुण्यालाही देऊ शकत नाही. पण हे थांबवा असं हादींनी म्हटलं असतं, तर ते कोणी ऐकलं असतं? २०१५ चं आमंत्रण तांत्रिकदृष्ट्या टिकतं, असं माझं मत आहे. ते पुढची सात वर्षं टिकलं, असं मी म्हणणार नाही.

७ एप्रिल २०२२ रोजी हादींनी आपले सगळे अधिकार आठ जणांच्या एका परिषदेला देऊन टाकले. ती घोषणाही रियाधमध्येच झाली.