बैठकीतली शांतता

आज आढावा बैठकीत साहेबांनी विचारलं, "कुणाला काही अडचण?" सगळे गप्प. बैठक संपल्यावर दोघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, बॅकअप घेतला जातो, पण तो परत उतरवून कुणी कधी पाहिलेलाच नाही. ही गोष्ट त्या दोघांना आधीपासून माहीत होती.

ते का बोलले नाहीत, हे मला ठाऊक आहे. मागे एका सहकाऱ्याने "ही तारीख जमणार नाही" असं स्पष्ट सांगितलं होतं. त्याला सगळ्यांसमोर नकारात्मक ठरवलं गेलं, नंतर त्या कामातूनही काढलं. शिक्षा एकाला झाली, धडा सगळ्यांनी घेतला. आजच्या दोघांतली एक तर त्यानंतर रुजू झालेली. तिने फक्त ऐकलंय, तेवढं पुरलं.

संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या. चांगल्या संघांत चुका कमी सापडतील असा अंदाज होता. नोंदी उलट जास्त निघाल्या, कारण तिथे चुका बोलून दाखवल्या जात होत्या, असं त्यांचं स्पष्टीकरण. म्हणून कोऱ्या तक्रारवहीची मला धास्ती वाटते.

"मोकळेपणाने बोला" म्हटल्याने हे सुटत नाही. तो जुना प्रसंग चुकीचा होता, असं साहेबांनी सगळ्यांसमोर म्हणायला हवं. आणि "अडचण आहे का?" ऐवजी "यात सगळ्यात आधी काय मोडेल?" असं विचारायला हवं, त्याला "काही नाही" हे उत्तर देणं अवघड जातं. मग पहिली वाईट बातमी सांगणाऱ्याशी ते कसे वागतात, तिकडे सगळ्यांचं लक्ष असेल.