चकलीचं तेल : चौथा रविवार, गोळी आणि दांडा

दिवाळीला अजून अवकाश आहे, पण चकलीची तालीम चालू आहे. मागच्या तीन रविवारी चकल्या चवीला बरोबर झाल्या, तरी प्रत्येक वेळी एखादा घाणा दुसऱ्या दिवशी मऊ पडला. भाजणी तीच, मोहन तेच, सोऱ्याही तोच. त्यामुळे या वेळी फक्त तेलाकडे लक्ष दिलं. तापमापक घ्यायचा नाही हे आधीच ठरलं होतं, कारण आमच्याकडे आईपासून सगळ्या पिठाची गोळी टाकूनच बघतात आणि मला तीच खूण नीट शिकायची आहे.

दोन वाट्या भाजणीला दोन वाट्या उकळतं पाणी आणि चार चमचे कडकडीत तेलाचं मोहन घातलं. झाकून ठेवून कोमट झाल्यावर मळलं. मग त्याच पिठाच्या हरभऱ्याएवढ्या दहा-बारा गोळ्या करून ताटलीत ठेवल्या. याआधी ऐनवेळी हाताला येईल तेवढं पीठ तोडायचे, म्हणून कधी गोळी मोठी, कधी लहान, आणि खूण दरवेळी वेगळीच दिसायची. मोठी गोळी आतून उशिरा तापते, तळाशी जास्त वेळ बसते, आणि आपल्याला वाटतं तेल थंड आहे.

गोळी वर का येते हे कळलं की बाकीचं सोपं जातं. पीठ तेलापेक्षा जड, म्हणून आधी बुडतं. त्यातल्या पाण्याची वाफ होऊ लागली की बुडबुडे गोळीला चिकटतात आणि तिला वर उचलतात. तेल जितकं तापलेलं तितकी वाफ लवकर, म्हणून गोळी किती वेळात वर येते तेच बघायचं.

मी मनात अंक मोजले. पहिली गोळी तळाशी बसली, कडेने दोन-चार बुडबुडे सोडले आणि दहापर्यंत मोजलं तरी हलली नाही. थोड्या वेळाने दुसरी टाकली, ती तीन म्हणेपर्यंत वर आली, भोवती बारीक फेस, रंग मात्र तसाच. याच वेळी पहिला घाणा सोडला. चार चकल्या, आच मध्यम. फेस हळूहळू ओसरला, बुडबुडे जवळजवळ थांबले तेव्हा काढल्या. मोडून पाहिल्या तर आतपर्यंत कोरड्या, नळी मोकळी.

दुसऱ्या घाण्याला मुद्दाम आच मोठी ठेवली. गोळी टाकताक्षणी उसळून वर आली आणि वीस मोजेपर्यंत लालसर झाली. या तेलातल्या चकल्या झटकन रंगल्या, पण मोडल्यावर मधे ओलसर रेघ दिसली. मऊ पडणाऱ्या घाण्याचं कारण हेच असणार. रंग बघून मी त्या लवकर काढत होते, आतलं पाणी निघालेलंच नव्हतं.

आता दांडा. लाकडी उलथन्याच्या दांड्याचं टोक तेलात धरलं की लाकडातली हवा आणि ओलावा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो. गोळीने तेल बरोबर म्हटलं तेव्हा टोकाभोवती बारीक बुडबुड्यांची सलग धार होती. तेल जास्त तापलं तेव्हा ते मोठे झाले आणि जोरात उसळले. सोय मोठी आहे, कारण तेलात चुरा उरत नाही. पण सहाव्या-सातव्या वेळी तेच टोक तेल पिऊन बसलं आणि चांगल्या तापलेल्या तेलातही जेमतेम चार बुडबुडे आले. तेवढ्यावर विसंबून आच वाढवली असती तर घाणा गेला असता. नुकताच धुतलेला दांडा तर अजिबात बुडवू नये. तो थंडशा तेलातही भरपूर बुडबुडे देतो आणि तेल अंगावर तडतडतं. मी आता एक दांडा फक्त यासाठीच कोरडा ठेवते, आणि पहिल्या घाण्याआधीची खूण गोळीवरूनच घेते.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. आच पेटवल्यापासून तेल ढवळलं नसेल तर तळाचं आणि वरचं तेल सारखं तापलेलं नसतं. दांडा वर-वर धरला तर एक सांगतो, तळाशी गेलेली गोळी दुसरंच. आधी झाऱ्याने एकदा सावकाश ढवळायचं, मग खूण बघायची. घाणा काढल्यावर लगेच पुढचा सोडायचा नाही, कारण चार चकल्यांनी तेल बरंच उतरतं. मिनिटभर थांबून पुन्हा गोळी. पाचव्या घाण्यापर्यंत दर वेळी असंच केलं.

आज सोमवार संध्याकाळ. डब्यांवर घाण्याचे आकडे लिहून ठेवले होते. एक, तीन, चार आणि पाच कुरकुरीत आहेत, दोन नंबर वाकतोय. पुढच्या रविवारी हीच मोजणी बिडाच्या कढईत करून बघणार आहे. ती जाड आहे, घाणा सोडल्यावर तेल किती कमी उतरतं ते गोळीवरून कळेल.