‘बू’, ‘ताब’ आणि नाफ्यातलं रक्त: हाफिजचा एक शेर इंग्रजीत नेताना

हाफिजच्या दिवाणातली पहिलीच गझल ‘अला या अय्युहस्साकी’ या अरबी ओळीने सुरू होते. तिचा मतला बहुतेकांना ऐकून माहीत असतो. मी इंग्रजीत नेला तो त्याच्या पाठचा, दुसरा शेर:

ब-बू-ए नाफ़े-ई काख़र सबा ज़ान तुर्रे बुगशायद
ज़ ताब-ए जअद-ए मुश्कीनश चे ख़ून उफ़्ताद दर दिलहा

वरवरचा अर्थ सोपा आहे. वाऱ्याची झुळूक त्या बटेतून कधीतरी नाफा, म्हणजे कस्तुरीची पिशवी, उघडेल या आशेवर, त्या काळ्या कुरळ्या केसांच्या पिळापायी कितीतरी काळजांत रक्त साकळलं. इतकंच इंग्रजीत मांडायला अर्धा तास पुरला असता. पण या शेरात एकही महत्त्वाचा शब्द एका अर्थावर थांबत नाही, आणि हाफिजने ते जाणूनबुजून केलेलं आहे. फारसी काव्यशास्त्रात याला ईहाम म्हणतात: शब्दाचे दोन अर्थ, एक जवळचा, एक लांबचा, आणि दोन्ही वाचकाच्या मनात एकाच वेळी जागे राहिले पाहिजेत.

सुरुवातीला इंग्रजीच्या वाटेलाच जायचं नाही, असं मी ठरवलं. कागदावर प्रत्येक फारसी शब्दाखाली त्याचे सगळे अर्थ मराठीत लिहिले. ‘बू’ म्हणजे वास हे आपल्याला खुशबूवरून कळतं. पण ‘ब-बू-ए’ हा जुन्या फारसीतला ठरलेला वाक्प्रयोग आहे आणि त्याचा अर्थ ‘च्या आशेने’ असा होतो. वाक्य या अर्थावर चालतं, वास मागून दरवळतो. देहखुदाच्या कोशात ‘बू’खाली आशा हा अर्थ दिलेला सापडतो. एवढी खात्री करणं भाग आहे, कारण आजची बोलती फारसी शिकलेला माणूस इथे ‘वासाने’ असं करून मोकळा होतो आणि वाक्य लंगडं पडतं.

‘ताब’ची गंमत मराठी माणसाला लगेच उमगावी. लोखंडाला ताव देतात तेव्हा तो उष्णतेचा असतो, मिशीला ताव देतात तेव्हा तो पिळाचा. फारसी ‘ताब’मध्येही पीळ आणि धग दोन्ही आहेत; शिवाय झळाळी आणि सहनशक्तीही. इथे ‘जअद’ म्हणजे कुरळे केस शेजारी असल्यामुळे पीळ पुढे येतो, पण धग मागे उभीच असते. ‘मुश्कीन’ म्हणजे कस्तुरीसारखा काळा आणि कस्तुरीच्या वासाचा. ‘बुगशायद’ म्हणजे उघडेल, सोडेल: गाठ सोडतात तसं आणि नाफा फोडतात तसंही.

मग ‘रक्त’. इथेच बहुतेक भाषांतरं घसरतात. नाफा म्हणजे नर कस्तुरीमृगाच्या पोटाखालची, बेंबीजवळची कस्तुरीची पिशवी. फारसीत ‘नाफ़’ म्हणजेच बेंबी. जुनी समजूत अशी की मृगाच्या बेंबीत रक्त साठतं, उष्णतेने आळतं आणि त्याची कस्तुरी होते. आता शेर पुन्हा वाचा. पहिल्या ओळीत नाफा, दुसऱ्या ओळीत धग आणि रक्त. प्रेमिकांच्या काळजात रक्त साकळतं तसंच ते मृगाच्या नाफ्यातही साकळतं, आणि त्या रक्ताचीच पुढे कस्तुरी होते. ज्या सुगंधाची आशा आहे तो सुगंध रक्तातूनच तयार होतो. हे सांगणारा एकही शब्द शेरात नाही; शब्दांच्या शेजारातून ते कळतं. भाषांतरात नाफा गाळला की हा सगळा धागा तुटतो. गर्ट्रूड बेलने 1897 मध्ये या गझलेचे पहिले दोन शेर मिळून आठ ओळींचं सुंदर यमकबद्ध कडवं केलं. त्यात कस्तुरी आहे, काळजाचं रक्तही आहे, पण पिशवी नाही, म्हणून कस्तुरीचा आणि रक्ताचा एकमेकांशी संबंध लागत नाही.

ही जंत्री झाल्यावर मी प्रत्येक शब्दापुढे एकच गोष्ट लिहिली: काय गेलं तर शेर मरेल. नाफा आणि रक्त गेलं तर मरेल. ‘बू’मधला वास गेला तर अर्धा मरेल. ‘ताब’मधली झळाळी गेली तरी चालेल, सहनशक्ती गेली तरी चालेल. ही छाटणी आधी केली नाही तर माणूस चारही अर्थ कोंबायला बघतो आणि ओळ विशेषणांनी फुगते. माझा पहिला खर्डा तसाच फुगला होता. ‘ताब’साठी त्यात तीन विशेषणं एकापुढे एक होती, आणि मोठ्याने वाचताना दुसऱ्या ओळीत दोनदा श्वास घ्यावा लागत होता.

‘बू’साठी ‘इन होप ऑफ’ लिहिलं तर वास जातो, ‘बाय द फ्रेग्रन्स ऑफ’ लिहिलं तर आशा जाते. दोन्ही लिहिलं तर शेराचं स्पष्टीकरण होतं, आणि ईहाम समजावून सांगितला की तो ईहाम राहत नाही. बरीच शोधाशोध केल्यावर ‘ऑन द सेंट ऑफ’ हाताला लागलं. शिकारी कुत्रा वासाचा माग काढत जातो तेव्हा इंग्रजीत हेच म्हणतात, आणि एखाद्या गोष्टीच्या मागावर असणं हाही त्याचा रूढ अर्थ आहे. वास आणि ओढ एका वाक्प्रयोगात आली. शिकारीची छटा मूळ शब्दात नाही, हे खरं. पण नाफा मिळवायचा तर मृगाची शिकार व्हायचीच, म्हणून ती छटा या शेरात परकी वाटत नाही. दुसऱ्या कुठल्या शेरात ‘ब-बू-ए’ आलं तर हाच उपाय मी डोळे मिटून वापरणार नाही.

‘तुर्रे’ म्हणजे कपाळावरची बट. तिला ‘लॉक’ म्हटलं आणि इंग्रजीने न मागता एक भेट दिली: लॉक म्हणजे बट आणि कुलूपही. शेजारी उघडण्याचं क्रियापद असल्याने कुलपाचा अर्थ आपोआप हलका जागा होतो. ‘बुगशायद’साठी मी ‘अनडू’ घेतलं. गाठ सोडणं हा त्याचा अर्थ आहेच, शिवाय एखाद्याचा घात करणं हाही आहे, आणि पुढच्या ओळीत रक्त येणारच आहे. हे दोन्ही श्लेष हाफिजचे नाहीत. पण ‘ताब’मध्ये जे गमावलं त्याची भरपाई दुसऱ्या जागी करणं मला रास्त वाटतं, फक्त ती शेराच्या मूळ चित्राशी जुळली पाहिजे.

‘ताब’पुढे मात्र हार मानावी लागली. पीळ आणि धग दोन्ही देणारा, केसांना शोभणारा एक इंग्रजी शब्द मला मिळाला नाही. शेवटी ‘कॉइल्ड हीट’ असे दोन शब्द जोडून घेतले, म्हणजे वेटोळ्यात बसलेली धग. मूळचा एक शब्द दोन झाला हे नुकसान आहे, पण धग राहिल्यामुळे रक्त आळण्याची गोष्ट शाबूत राहते.

काळजातल्या रक्तासाठी ‘ब्लीडिंग हार्ट्स’ अगदी जिभेवर येतं. ते टाळायचं. आजच्या इंग्रजीत ती राजकारणातली हेटाळणी आहे, अति कनवाळू लोकांना उद्देशून केलेली. मला ‘क्लॉटेड’ म्हणजे गोठलेलं असं लिहायचा फार मोह झाला, कारण मग कस्तुरीची समजूत उघड झाली असती. पण मूळ क्रियापद साधं ‘उफ़्ताद’, म्हणजे पडलं, असं आहे. तिथे वैद्यकीय शब्द घातला तर हाफिज जे झाकून ठेवतो ते मी उघडं केलं असतं. म्हणून ‘गॅदर्ड’. जमा झालं, एवढंच.

आणखी एक अडचण व्याकरणाची. फारसीत पुल्लिंग-स्त्रीलिंग नाही, ‘मुश्कीनश’मधला ‘श’ त्याचा की तिचा हे कळतच नाही. इंग्रजीत ‘हिज’ किंवा ‘हर’ लिहिलं की निवाडा होऊन जातो. दोन्ही ओळींत ‘दॅट’ आणि ‘दोज’ वापरून मी तो टाळला. ‘दिलहा’ म्हणजे नुसती काळजं, कुणाची ते नाही. म्हणून ‘अवर’ही घातलं नाही.

यमकाबद्दल फार विचार केला नाही. गझलेत दोन्ही ओळी यमकाच्या असतात त्या फक्त मतल्यात. हा दुसरा शेर, याची पहिली ओळ मोकळीच असते, तेव्हा इंग्रजीत ओढूनताणून यमक जुळवणं हे रूपाशीही प्रामाणिक नाही. मूळ वृत्त लगागागा चार वेळा, म्हणजे मराठी गझलेत ज्याला आपण वियद्गंगा म्हणतो तेच. प्रत्येक ओळीत सोळा अक्षरं. इंग्रजी आघातांवर चालते, तिथे लगागागा नेता येत नाही, पण दोन ओळींची लांबी सारखी ठेवता येते. माझ्या पहिल्या ओळीत ‘मे अ‍ॅट लास्ट’ होतं तेव्हा ती सतरा भरत होती. ‘मे येट’ केल्यावर सोळा झाली, आणि ‘येट’मध्ये अजूनही आशा आहे ही छटा असल्यामुळे ‘बू’ला आधारही मिळाला.

ऑन द सेंट ऑफ द मस्क-पॉड द ब्रीझ मे येट अनडू फ्रॉम दॅट लॉक
व्हॉट ब्लड हॅज गॅदर्ड इन हार्ट्स फ्रॉम द कॉइल्ड हीट ऑफ दोज मस्क-डार्क कर्ल्स

शेवटी उद्गारचिन्ह घातलं नाही. फारसी ‘चे’ प्रश्नही असतो आणि उद्गारही. इंग्रजी ‘व्हॉट’ तसाच आहे, चिन्ह घातलं की एक बाजू बंद होते.

हे फारसी न येणाऱ्या दोघांना नुसतं वाचायला दिलं, टीप न देता, आणि काय दिसलं ते लिहून मागितलं. वास, केस, माग काढणं आणि दुखावलेली काळजं दोघांनाही दिसली. ‘लॉक’ एकाने आधी कुलूप म्हणून वाचलं आणि ‘कर्ल्स’पाशी पोचल्यावर बट म्हणून, मला हवं होतं ते हेच. कस्तुरी रक्तातून होते हे मात्र दोघांपैकी एकालाही लागलं नाही. ती समजूत इंग्रजी वाचकाच्या कानावर गेलेलीच नसते, आणि शब्द कितीही नेमके निवडले तरी ती ओळीत भरता येत नाही. तेवढ्यासाठी शेराखाली एका वाक्याची टीप ठेवली: कस्तुरी ही मृगाच्या बेंबीत आळलेलं रक्त आहे असं जुन्या काळी मानत. बाकी कशालाही टीप नाही. ‘मस्क’ दोनदा येतं, मुळात ‘मुश्क’ एकदाच आहे, आणि ते मला अजून खुपतं; पण दुसऱ्या जागी नुसतं ‘डार्क’ केलं की केसांचा वास जातो, आणि पहिल्या जागी नुसतं ‘पॉड’ केलं की वाचकाला मटारची शेंग दिसते.