तीन रकान्यांचं रोख पुस्तक

अकरावी वाणिज्यला प्रवेश घेतला तेव्हा हिशेब आपल्याला येतात असा माझा समज होता. वडिलांच्या किराणा दुकानाची कीर्द संध्याकाळी मीच लिहायचो. तिथे डावीकडे जमा, उजवीकडे नावे. वर्गातल्या रोख पुस्तकात पाहतो तर डाव्या बाजूवर 'नावे' लिहिलेलं! आमच्या पुस्तपालनाच्या सरांनी एका वाक्यात गोंधळ मिटवला: "डोक्यावर काहीही लिहिलेलं असो, आलेले पैसे डावीकडे आणि गेलेले उजवीकडे, हे दोन्हीकडे तेच आहे."

मग त्यांनी फळ्यावर एका व्यापाऱ्याचा मार्च महिना मांडला. प्रत्येक बाजूला सूट, रोख आणि बँक असे तीन रकाने. सुरुवातीची रोख ४,००० आणि बँकेत १२,०००. रोखीची विक्री ६,५००. त्यातले ५,००० बँकेत भरले. इथे सर थांबायचे आणि विचारायचे, "पैसा धंद्याबाहेर गेला का?" गल्ल्यातून निघाला आणि बँकेत बसला, धंद्याचाच राहिला. म्हणून एकच व्यवहार दोन्ही बाजूंना: डावीकडे बँकेच्या रकान्यात, उजवीकडे रोखीच्या रकान्यात. ही कॉन्ट्रा. दोन्ही टोकं याच पुस्तकात असल्यामुळे खतावणीत, म्हणजे वेगवेगळ्या खात्यांच्या वहीत, काही न्यायचं नाही, म्हणून खातेपानाच्या रकान्यात पान क्रमांकाऐवजी 'सी' लिहायचं.

पुढे दुकानासाठी बँकेतून ३,००० काढले, तीही कॉन्ट्रा. घरखर्चासाठी १,००० काढले, आणि अर्धा वर्ग फसला. हा पैसा गल्ल्यात आलाच नाही, मालकाच्या घरी गेला. म्हणजे उचल. फक्त उजवीकडे, बँकेच्या रकान्यात.

सुटीच्या रकान्याची गंमत निराळी. एका गिऱ्हाइकाकडून ५,००० येणं होतं, त्याने ४,८५० चा चेक देऊन खातं मिटवलं. चेक त्याच दिवशी बँकेत भरला. डावीकडे बँकेत ४,८५० आणि सुटीत १५०. आपण एका व्यापाऱ्याचे ३,००० देणं होतो, २,९४० चा चेक दिला. उजवीकडे सुटीत ६०. महिनाअखेर १५० मधून ६० वजा करायला हात शिवशिवतो, आणि तेच करायचं नाही. एक आपला तोटा, दुसरा आपला फायदा. दोन्ही रकान्यांच्या नुसत्या बेरजा करायच्या आणि दोन वेगळ्या खात्यांत न्यायच्या. या रकान्याला शिल्लक नसते.

आणि मग सरांनी तो ४,८५० चा चेक न वटता परत आणला! उजवीकडे बँकेत ४,८५० लिहिले. "मग १५० चं काय?" कुणीतरी उजवीकडच्या सुटीच्या रकान्यात ते लिहायला सांगितलं. पण तो रकाना मिळालेल्या सुटीचा. तिथे १५० टाकले तर कुणीही न दिलेली सूट आपल्याला मिळाल्यासारखी दिसेल. दिलेली सूट रद्द होते ती रोजकीर्दीत, म्हणजे रोख पुस्तकात न बसणाऱ्या नोंदींच्या वहीत: गिऱ्हाईक नावे १५०, दिलेली सूट जमा १५०. आता त्याच्याकडे पुन्हा पूर्ण ५,००० येणं. मला आजही हा प्रश्न त्या वर्षातला सर्वांत सुंदर वाटतो.

शेवटी, भाडं २,००० रोख दिल्यावर, "२,००० हातात ठेवून उरलेली रोख बँकेत भरली," अशी ३१ तारखेची ओळ आली. यात रक्कमच दिलेली नसते. आधी बाजूला पेन्सिलीने रोखीची बेरीज: आले १३,५००, गेले ७,०००, उरले ६,५००. म्हणजे ४,५०० बँकेत, तिसरी कॉन्ट्रा. आता रोख शिल्लक २,०००. बँकेत डावीकडे २६,३५०, उजवीकडे ११,७९०, शिल्लक १४,५६०. बँकेची उजवी बाजू जड निघाली तर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे आपणच बँकेचं देणं लागतो, त्यात वावगं काही नाही. रोखीची उजवी बाजू मात्र कधीच जड निघू शकत नाही, कारण नसलेली नोट गल्ल्यातून काढता येत नाही. तसं दिसलं की नोंद चुकली.

सरांची आणखी एक तपासणी होती. 'सी' लिहिलेल्या रकमांची डावीकडे बेरीज करा, उजवीकडे करा. आमच्या उदाहरणात दोन्हीकडे १२,५००. फरक पडला तर एखाद्या कॉन्ट्राचं एक टोक राहिलंय. भरणा आणि काढणं यांचीच अदलाबदल झाली असेल, तर मात्र ही बेरीज गप्प बसते. तिथे पासबुकाशीच ताडून पाहावं लागतं.

आज मी व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो, टॅलीवर. कॉन्ट्राला F4 दाबलं की दोन्ही टोकं आपोआप जुळतात. पण घरखर्चाचे १,००० कुणी कॉन्ट्रात टाकले तर तेही निमूटपणे जुळतात. मग पुस्तकात रोख दिसते ३,००० आणि गल्ल्यात निघतात २,०००. नवीन मुलगा नोटा पुन्हा मोजायला लागतो. मी त्याला आधी बँकेचे काढलेले चेक बघायला सांगतो.