तुम्ही विचारलंत म्हणून: सह्या झाल्या, आता पैसे?

"तडजोड तर झाली मॅडम, पण पैसे हप्त्याने येणारेत. मग केस आत्ताच काढून घ्यायची का? आणि मधेच त्यांनी हप्ता बुडवला तर आम्ही काय करायचं?"

नाही, आत्ता काढायची नाही. हे उत्तर मी दिंडोशी कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये उभ्या उभ्या एवढ्या वेळा दिलंय की आता चहा गार व्हायच्या आत संपतं, पण त्यामागची गोष्ट मोठी आहे आणि त्यात चूक माझीच होती म्हणून नीट सांगते.

माझ्या मामाचं भांडुपला अ‍ॅल्युमिनियम खिडक्यांचं वर्कशॉप आहे, स्लायडिंग, शॉपफ्रंट वगैरे. मी प्रॅक्टिसला लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती तेव्हा त्याचे एका इंटिरिअरवाल्या पार्टीकडे ७,३०,००० अडकले होते. दावा टाकला, तारखा पडायला लागल्या आणि एक दिवस पार्टीने मामाला ऑफिसात बोलावलं, एसी, कोल्ड कॉफी, "काका, कोर्टात काय ठेवलंय". ५,००,००० वर ठरलं, एकेक लाखाचे पाच हप्ते. कागद त्यांनीच टाइप करून ठेवला होता. मामाने फोनवर मला वाचून दाखवला, मी दुसऱ्या मॅटरच्या घाईत होते, "हो हो ठीक आहे, कर सही" म्हणाले.

त्या कागदात एक वाक्य होतं, मूळ इंग्रजीत, मराठीत सांगायचं तर असं: या करारावर सह्या होताच दोन्ही पक्ष एकमेकांना, आज माहीत असलेल्या आणि नसलेल्या, सर्व प्रकारच्या दाव्यांतून कायमचे मुक्त करत आहेत. आणि खाली, वादी आठ दिवसांत दावा बिनशर्त मागे घेईल. मामाने घेतला. दोन हप्ते आले, तिसऱ्यापासून फोन स्विच ऑफ.

आता बघा काय झालं. दावा बिनशर्त मागे घेतला, म्हणजे पुन्हा दाखल करायची परवानगी कोर्टाकडून न घेता, की त्याच कारणावरून नवा दावा टाकता येत नाही. म्हणजे ७,३०,००० चा मूळ दावा गेला. उरला तो तडजोडीचा करार, आणि त्यावर नवा दावा फक्त उरलेल्या ३,००,००० चा. सवलत म्हणून सोडलेले २,३०,००० पण गेले, जरी ती सवलत ज्या हप्त्यांसाठी दिली ते हप्तेच आले नाहीत तरी. कायद्यात थोडी भांडायला जागा असते, की नुसतं वचन घेऊन आम्ही देणं सोडलं नव्हतं, पैसे मिळाल्यावरच सोडणार होतो वगैरे, पण "सह्या होताच" असं स्वतःच लिहून दिलेल्या माणसाला ते भांडणं जड जातं.

आणि खरा दणका वेगळाच होता. त्याच पार्टीच्या ठाण्याच्या साइटवर मामाचे ८५,००० रिटेन्शनचे होते, काम संपल्यावर वर्षभर कापून ठेवतात ते. त्याचा या भांडणाशी काही संबंध नव्हता. मागायला गेला तर त्यांनी हाच कागद पुढे केला, "सर्व प्रकारच्या दाव्यांतून" लिहिलंय ना काका. मामा मला काही बोलला नाही, आईला बोलला.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मामा पुन्हा आला, वेगळी पार्टी, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, कांदिवलीला ऑफिस. बिल १८,४०,०००, आलेले ६,००,०००, बाकी १२,४०,०००. त्यांचं म्हणणं पावसात खिडक्यांतून पाणी येतं, पैसे कापणार. दावा दिंडोशीला होता, बोलणी होऊन आकडा ठरला ९,६०,०००. मामा जुन्या कागदाची झेरॉक्स घडी करून शर्टाच्या खिशात घेऊन आला होता, काही न बोलता माझ्या टेबलावर ठेवली.

या वेळी पहिली गोष्ट, खाजगी करार करून केस काढून घेणं नाही, तडजोडीच्या अटी कोर्टातच द्यायच्या. आपण सगळे कन्सेंट टर्म्स म्हणतो त्या. लेखी, दोन्ही पार्टींच्या आणि वकिलांच्या सह्या, जजसाहेब विचारतात वाचलंय का, कबूल आहे का, आणि त्याचाच हुकूमनामा होतो. फरक असा की उद्या हप्ता बुडाला तर नवा दावा टाकून शून्यापासून सुरुवात नाही करावी लागत, सरळ दरखास्त टाकायची, म्हणजे वसुलीचा अर्ज. तसल्या हुकूमनाम्याच्या वसुलीला १२ वर्षांची मुदत असते.

दुसरी, मुक्तीचं वाक्य. आम्ही लिहिलं ते साधारण असं: ९,६०,००० ही पूर्ण रक्कम वादीच्या खात्यात प्रत्यक्ष जमा झाल्यावरच, आणि फक्त अमुक तारखेच्या वर्क ऑर्डरमधून निघणाऱ्या दाव्यांपुरतं, दोन्ही पक्ष एकमेकांना मुक्त करतील. "करत आहेत" नाही, "करतील". समोरच्या वकिलांना हे आवडलं नाही, त्यांना गळतीची भानगड कायमची मिटवून हवी होती आणि ते बरोबरच होतं त्यांच्या बाजूने, पैसे देऊन उद्या परत नवीन भांडण कोणाला हवंय? मग गळतीची तक्रार त्यांनी सोडली तीही त्याच दिवशी लागू होईल असं लिहिलं, फक्त काचेची आणि रोलरची जी कंपनी वॉरंटी होती ती वेगळी ठेवली. मुक्ती दोघांची एकाच क्षणाला, हे मान्य व्हायला सोपं जातं.

तिसरी, पैसे कधी. लोक "दरमहा" लिहून मोकळे होतात. आम्ही लिहिलं, २,४०,००० अटी दाखल करायच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने, मग १,२०,००० चे सहा हप्ते, दर महिन्याच्या १० तारखेला किंवा आधी, बँकेला सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी, आणि "दिले" म्हणजे खात्यात जमा झाले, चेक हातात दिला म्हणजे नाही. जीएसटी धरून की सोडून, टीडीएस कापून की न कापता, हेही लिहा हो. माझ्या एका क्लायंटला अकाउंटंटने सरसकट एक टक्का कापून १,२०,००० ऐवजी १,१८,८०० पाठवले आणि हा हप्ता चुकला की नाही चुकला यावर आम्ही दोन वकील पाऊण तास वाद घालत होतो, १२०० रुपयांसाठी.

सहा हप्त्यांचे सहा चेक आधीच घेतले, त्या त्या तारखांचे. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो, बाउन्स झाला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस जायला हवी, नोटीस मिळाल्यावर त्यांना १५ दिवस, तरी नाही दिले तर पुढच्या महिन्याभरात फौजदारी तक्रार. "बघतो करतो पुढच्या आठवड्यात" मध्ये ते ३० दिवस निघून जातात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि ज्यांच्या जुन्या बाउन्स चेकची केस आधीच चालू आहे त्यांनी एक लक्षात ठेवा, सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये गिम्पेक्सच्या केसमध्ये सांगितलंय की तडजोड केल्यावर जुन्या चेकची केस आणि तडजोडीत घेतलेल्या चेकची केस, दोन्ही बरोबर चालवता येणार नाहीत. नवे चेक घेताना हा विचार करूनच घ्या.

आता चौथी, ज्यासाठी तुम्ही विचारता, हप्ता चुकला तर काय. मामाचं म्हणणं होतं, "लिही, एक हप्ता चुकला तर वीस लाख." राग समजू शकते, पण हे टिकत नाही. कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम ७४ असं की करारात आकडा काहीही लिहा, कोर्ट वाजवी भरपाईच देतं, दंड म्हणून फुगवलेला आकडा देत नाही. मग धाक कसा ठेवायचा? उलट्या बाजूने लिहून. आधी त्यांनी खरं देणं किती ते कबूल करायचं, मग आपण वेळेवर दिलंत तर इतकी सूट म्हणायचं. चुकले तर सूट गेली, बस. यात दंड नाहीच, जे मुळात देणं होतं तेच देणं आहे, आणि असं कलम कोर्टात सहसा उभं राहतं.

खरी झटापट कबुलीच्या आकड्यावर झाली. ते १२,४०,००० कबूल करेनात, गळतीचं काय म्हणून. शेवटी ११,५०,००० वर आले. म्हणजे कबूल देणं ११,५०,०००, वेळेवर दिलं तर ९,६०,००० मध्ये सुटका, सूट १,९०,०००. हप्ता चुकला तर आम्ही ईमेलने कळवणार, त्यापासून सात दिवस मुभा, तरी जमा नाही तर सूट रद्द, उरलेले सगळे एकदम देय, वर ९ टक्के व्याज चुकलेल्या तारखेपासून पुढे. सात दिवसांची मुभा मामाला कमजोरी वाटली, मला नाही, बँकेचा सर्व्हर बंद होता वगैरे सबबींना तिथेच जागा करून दिली की कोर्टात त्या कोणी ऐकत नाही.

आणि दोन्ही डायरेक्टर स्वतः, व्यक्तिशः, हमीदार म्हणून सहीला बसवले. यावर मी अडून बसले होते. कंपनीवर हुकूमनामा घेऊन बेलिफ गेला आणि ऑफिस भाड्याचं, फर्निचर भाड्याचं, खात्यात अकरा हजार, तर तुमचं इतकं सुंदर लिहिलेलं कलम काय चाटायचंय?

ड्राफ्ट आणि चार हप्ते आले. पाचवा १० तारखेला आला नाही. ११ ला सकाळी मी ईमेल टाकला, चार ओळींचा, त्यात नुसता हिशोब: मिळाले ७,२०,०००. मुभेत भरलंत तर बाकी २,४०,०००, हप्त्याने. नाही भरलंत तर बाकी ४,३०,०००, एकदम. धमकी नाही, कलमांचे नंबर नाहीत. पाच दिवस काहीच नाही, मामाचे मात्र रोज रात्री फोन. सहाव्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला मामाच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला आणि त्याने त्याचा स्क्रीनशॉट मला तीनदा पाठवला.

सहावा हप्ता दोन दिवस आधीच आला. मग त्यांचे वकील मागे लागले की कोर्टात पुर्सिस, म्हणजे लेखी निवेदन, द्या, सगळे पैसे मिळाले म्हणून, कारण कोर्टाबाहेर दिलेले पैसे कोर्टात नोंदवले नसले की पुढे कधी दरखास्त निघाली तर ते धरले जात नाहीत, त्यांची काळजी रास्तच होती. मी आणि मामा दोघं गेलो, पुर्सिसवर त्याने मराठीत सही केली, आणि खाली उतरताना खिशातली ती जुनी झेरॉक्स काढून विचारलं, "ठाण्याचे पंच्याऐंशी हजार आता काही करून येतील का गं?"

नाही म्हटलं.